भाऊजींचा उतरलेला एसजीपीटी

चैत्र पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा पारोळ्याहून ताईचा फोन आला. तिचा सव्वीस वर्षांचा मुलगा गावातल्या मंडळींबरोबर पायी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आला होता. चालण्याच्या दिवसांत त्याने उपवास धरला होता, म्हणजे सकाळी चहा, दुपारी दोन केळी आणि रात्री थोडी भगर एवढ्यावर तो उन्हातान्हात चालला होता. घरी आल्यावर ताईला त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. शेजारच्या आजींनी त्याला पाहताच "काय व्हयनं भो, कावीळ व्हयनी ना तुले" असे म्हणून निदान उरकले आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्या माणसाला निरोपही धाडला. ताईने मात्र मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला माझ्या लॅबमध्ये पाठवले. सोबत भाऊजी आले, आणि आलोच आहोत तर आपलेही रक्त तपासून घ्यावे म्हणून त्यांनीही बाही वर केली.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गेली सव्वीस वर्षे हे रिपोर्ट सही करून लोकांच्या हाती देते आहे. दुपारी दोघांच्या लिव्हर फंक्शन टेस्टचे रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आले. भाच्याच्या रिपोर्टवर मर्यादेबाहेर गेलेले ठळक अक्षरांतले आकडे आणि त्यांच्यापुढच्या चांदण्या यांची गर्दी होती. एकूण बिलिरुबिन ३.१, आणि यकृताची म्हणून ओळखली जाणारी दोन एन्झाइम, एसजीओटी ११८ आणि एसजीपीटी ६४. भाऊजींच्या रिपोर्टवर दोनच चांदण्या होत्या आणि त्याही अगदी कडेला टेकलेल्या: एसजीओटी ६२, एसजीपीटी ५८, तर बिलिरुबिन १.१, म्हणजे मर्यादेच्या आतच. ताईला फोनवर आकडे सांगितले तेव्हा तिचा जीव मुलासाठी खालीवर झाला आणि भाऊजींचे ऐकून ती म्हणाली, "यांचं तर सुधारलंय की! मागे ब्याण्णव होतं." ती चुकत होती, दोन्ही बाबतींत. पण तिचे चुकणे स्वाभाविक होते, कारण रिपोर्टची मांडणीच माणसाला तसे वाचायला लावते.

आधी भाच्याचे पाहू. बिलिरुबिन म्हणजे जुन्या लाल पेशी मोडल्यावर त्यांच्यातल्या रंगद्रव्यापासून उरणारा पिवळा पदार्थ. तो रक्तात असताना पाण्यात विरघळत नाही, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून तो यकृतापर्यंत येतो, तिथे एक एन्झाइम त्याला साखरेच्या जातीची जोड देते आणि मग तो पाण्यात विरघळण्याजोगा होऊन पित्तातून आतड्यात जातो. जोड मिळण्यापूर्वीचा तो इनडायरेक्ट आणि नंतरचा तो डायरेक्ट. रिपोर्टवर एकूण आकड्याखाली हे दोन आकडे छापलेले असतात आणि बहुतेक लोक ते वाचतच नाहीत, जरी खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. भाच्याचे डायरेक्ट ०.५ होते आणि इनडायरेक्ट २.६. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी जोड मिळण्याआधीच्या टप्प्यावरची होती. यकृताच्या पेशी सुजल्या असत्या किंवा पित्तनळीत खडा अडकला असता, तर डायरेक्टचा वाटा मोठा झाला असता.

मी त्याला विचारले, "लघवीचा रंग कसा आहे?" तो जरा लाजला, पण म्हणाला की चालताना गडद होती, आता पाणी भरपूर प्यायल्यापासून साधीच आहे. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण इनडायरेक्ट बिलिरुबिन अल्ब्युमिनला घट्ट धरून असल्यामुळे मूत्रपिंडातून गाळले जात नाही, तर डायरेक्ट गाळले जाते आणि लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी करते. पोटात पाणी भरपूर असताना डोळे पिवळे आणि लघवी मात्र साधी, असे असेल तर गोष्ट यकृताच्या सुजेची नसण्याची शक्यता मोठी. आम्ही त्याच्या लघवीत पट्टी बुडवून पाहिली आणि तिच्यावर बिलिरुबिन आले नाही.

इनडायरेक्ट वाढण्याची दोन कारणे ठळक असतात. एक तर लाल पेशी गरजेपेक्षा लवकर फुटत असतील, किंवा जोड लावणारे एन्झाइम जन्मतःच मंद असेल. आपल्या भागात पहिल्या कारणाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचा आजार आढळतो आणि त्यात लाल पेशी सतत फुटत असतात. म्हणून हिमोग्लोबिन पाहिले, ते १५.१ निघाले. नव्या, कोवळ्या लाल पेशींची संख्या, म्हणजे रेटिक्युलोसाइट, १.२ टक्के, अगदी नेहमीची. सिकलची चाचणी नकारात्मक आली आणि स्लाइडवर पेशींचे आकार नीट दिसले. पेशी जास्त फुटत असत्या तर अस्थिमज्जेने घाईघाईने नव्या पेशी बाहेर ढकलल्या असत्या आणि हा आकडा वर गेला असता.

मग उरले ते दुसरे कारण. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, कारण ऑगस्तँ गिल्बर्ट या फ्रेंच वैद्याने १९०१ मध्ये सहकाऱ्याबरोबर त्याचे वर्णन केले. सिंड्रोम हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांना मी सांगते की हा आजार नाही, ठेवण आहे, जशी कुणाची उंची कमी असते तशी. जोड लावणाऱ्या एन्झाइमचे काम अशा माणसांत सर्वसाधारणपणे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. शंभरातल्या चार-पाच जणांना तरी ही ठेवण असते आणि त्यांतल्या बहुतेकांना ती आयुष्यभर कळत नाही. एरवी आकडा दीड-दोनच्या आसपास राहतो, पण उपवास, ताप, अतिश्रम किंवा पाण्याची कमतरता आली की तो वर सरकतो आणि कुणाच्या तरी नजरेत पिवळेपणा भरतो. त्यामुळे यात्रेनंतर किंवा नवरात्राच्या उपवासांत एखाद्या धडधाकट तरुणाचे डोळे पिवळे झाल्याचे मी पाहते, तेव्हा मला फारसे नवल वाटत नाही. चुन्याच्या पाण्याला मिळणारे यश काही अंशी अशाच माणसांच्या जीवावर उभे आहे. हात धुतल्यावर पाणी पिवळे होते ते आधी हातांना लावलेल्या झाडाच्या सालीच्या रसाने, आणि डोळे निवळतात ते घरी येऊन पोटभर वरण-बट्टी खाल्ल्यामुळे.

पण मग एसजीओटी ११८ आणि एसजीपीटी ६४ यांचे काय? गिल्बर्टमध्ये तर एन्झाइम वाढत नाहीत. इथेच रिपोर्टचे नाव आपल्याला फसवते. ही दोन एन्झाइम पेशींच्या आत काम करतात आणि पेशीला इजा झाली की रक्तात झिरपतात. एसजीपीटी मुख्यतः यकृताचे आहे, पण एसजीओटी यकृताइतकेच हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंतही भरलेले असते. रक्तातली ही वाढ पहिल्यांदा नोंदली गेली ती १९५४ च्या सुमारास, आणि तीदेखील हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या जवळजवळ दुप्पट, माणूस दारू न पिणारा, आणि पाच दिवस डोंगराच्या वाटेने चाललेला, असे तिन्ही एकत्र आले की मी सीपीके नावाची स्नायूंची चाचणी लावते. भाच्याचे सीपीके २,९४० आले, जे एरवी दोनशेच्या आत असायला हवे. पोटऱ्या अजून दुखतात का, असे विचारल्यावर तो म्हणाला की नांदुरीहून चढताना पायांत गोळे आले होते आणि जिना उतरताना अजून ओठ चावावा लागतो. सगळा उलगडा तिथेच झाला. व्यायामशाळेत नव्याने वजने उचलू लागलेल्या कितीतरी मुलांना असाच रिपोर्ट पाहून महिनाभर यकृताच्या गोळ्या खाव्या लागतात, ज्यांची गरज त्यांच्या पोटऱ्यांनाही नसते आणि यकृतालाही नसते.

मी त्याला एकच सांगितले की दोन आठवडे नीट जेव, रोज भरपूर पाणी पी, धावपळ करू नकोस आणि मग परत ये. हिपॅटायटिस ए, बी आणि सी यांच्या चाचण्या मात्र लगेच करून घेतल्या, कारण कारण सापडले म्हणून दुसरे कारण नसतेच असे होत नाही. तिन्ही नकारात्मक आल्या.

आता भाऊजी. त्यांचा रिपोर्ट हातात घेऊन मी बराच वेळ बसले, कारण माझ्या कपाटात त्यांचा पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता आणि त्यावर सही माझी होती. तेव्हा एसजीपीटी ९२ होते आणि एसजीओटी ६१. सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर आले होते. भाऊजी माळकरी आहेत, दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही, पण मधुमेह तेव्हाच नऊ वर्षांचा होता आणि पोटाचा घेर सदऱ्याला पुरत नव्हता. मी तेव्हा त्यांना म्हणाले होते, "थोडंसंच आहे, गोड कमी करा, चालायला जा." त्यांनी काही महिने चालणे केले, मग कापसाच्या वेचणीचा हंगाम आला आणि ते राहिले ते राहिलेच. मधल्या काळात कुणी तरी त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी एसजीपीटी वाढलेले पाहून बंद केली होती. तीही गरज नव्हती, कारण फॅटी लिव्हरमुळे वाढलेल्या एवढ्याशा आकड्याला ती गोळी बंद करण्याचे कारण नसते, उलट मधुमेही माणसाच्या हृदयाला तिची राखण हवी असते.

पाच वर्षांत एसजीपीटी ९२ वरून ५८ वर आले म्हणून ताईला आनंद झाला. मला त्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी खटकल्या. एक, एसजीओटी आता एसजीपीटीच्या पुढे गेले होते, जे पूर्वी मागे होते. दोन, अल्ब्युमिन ४.३ वरून ३.५ वर आले होते, आणि प्रयोगशाळेची खालची मर्यादाही ३.५ च असल्यामुळे त्यापुढे चांदणी पडली नव्हती. तीन, प्लेटलेट २ लाख २४ हजारांवरून १ लाख ३२ हजारांवर उतरल्या होत्या, आणि ही गोष्ट लिव्हरच्या पानावर नव्हतीच. ती हिमोग्लोबिनच्या, म्हणजे सीबीसीच्या वेगळ्या पानावर होती. आमच्याकडे दोन्ही पाने वेगवेगळ्या यंत्रांतून निघतात, वेगवेगळी स्टेपल होतात, आणि डॉक्टरच्या टेबलावर पोहोचेपर्यंत पुष्कळदा एकमेकांपासून दुरावलेली असतात.

प्लेटलेट कमी दिसल्या की मी आधी यंत्रावर विश्वास ठेवत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुच्छ होतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. म्हणून मी त्यांच्या रक्ताची स्लाइड स्वतः काढली, रंगवली आणि टोकाकडच्या पातळ भागात, जिथे गुच्छ साठतात, तिथे भिंग फिरवत राहिले. गुच्छ नव्हते. सुट्या सुट्या प्लेटलेट होत्या आणि प्रत्येक क्षेत्रात मोजून सहा-सात, जिथे एरवी दहा-बारा तरी दिसायला हव्यात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूनेही प्लेटलेट उतरतात आणि एसजीओटी चढते, पण हा चैत्र होता आणि त्यांना ताप आलेला नव्हता.

मग मी कागदावर एक साधे गणित मांडले. ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला फिब-४ म्हणतात आणि त्याला चारच आकडे लागतात. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार वर, आणि खाली हजारांत मांडलेल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. भाऊजींचे वय ५८. वर ५८ गुणिले ६२, म्हणजे ३,५९६. खाली १३२ गुणिले ५८ चे वर्गमूळ ७.६२, म्हणजे साधारण १,००५. उत्तर आले ३.५८. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृतात पुढच्या टप्प्याचे चट्टे असण्याची शक्यता फार कमी, आणि २.६७ च्या वर असेल तर ती शोधायलाच हवी. मग मी तेच गणित पाच वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर केले. वय ५३, एसजीओटी ६१, एसजीपीटी ९२, प्लेटलेट २२४ हजार. उत्तर १.५ आले. म्हणजे तेव्हाही ते निर्धास्त पट्ट्यात नव्हते. मधल्या पट्ट्यात होते, जिथे पुढची तपासणी करायची असते. मी ती सुचवली नव्हती. दोन मिनिटांचे गणित होते आणि ते मी केले नव्हते.

भाच्याच्या रिपोर्टवर हे गणित मी केले नाही. स्नायूंमुळे वाढलेले एसजीओटी त्यात घातले तर उत्तर फसवे येते, आणि पस्तिशीच्या आतल्या माणसांत ते तसेही विश्वासाचे नसते. अचानक आलेल्या काविळीतही ते चालत नाही. ते चालते ते दीर्घकाळ थोडेसे वाढलेल्या आकड्यांसाठी, ज्यांच्याकडे पाहून आपण "थोडंसंच आहे" म्हणतो.

भाऊजींना हे सांगायचे कसे, हा प्रश्न होता. ते आयुष्यभर कापूस पिकवत आले आहेत. मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्या ट्रॉलीतून जिनिंगच्या रस्त्यावर कापूस सांडत जातो, त्यावरून ट्रॉलीची जाळी फाटली आहे एवढं कळतं. ट्रॉलीत किती कापूस उरलाय ते रस्त्यावर पाहून कळतं का?" ते म्हणाले, "नाही. अन् ट्रॉली रिकामी होत आली की सांडायचाही कमी होतो." मला पुढे बोलावे लागले नाही. एसजीपीटी हे सांडलेल्या कापसासारखे आहे. यकृतातल्या पेशींची जागा चट्टे घेऊ लागले की फाटायला पेशीच कमी उरतात, आणि आकडा उतरतो. यकृत किती काम करते आहे हे सांगणारे आकडे वेगळे असतात: अल्ब्युमिन, जे यकृतच बनवते आणि जे रक्तातून निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागत असल्यामुळे हळूहळू घसरते, आणि रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, जो लिव्हरच्या नेहमीच्या पानावर छापलेलाच नसतो. प्लेटलेट उतरतात त्या प्लीहेमुळे. चट्टे पडलेल्या यकृतातून रक्त सहज वाहत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात.

फायब्रोस्कॅनसाठी त्यांना जळगावातल्याच पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवले. ही तपासणी सोनोग्राफीसारखीच बरगड्यांवर यंत्र टेकवून होते. एका हलक्या टिचकीची लहर यकृतातून किती वेगाने जाते त्यावरून त्याचा ताठरपणा मोजला जातो. आकडा १६.२ किलोपास्कल आला. आठच्या खाली असता तर काळजी नव्हती. पंधराच्या वर म्हणजे चट्ट्यांचा आजार पुढे गेला आहे, जरी यकृत अजून गाडा ओढते आहे. सोनोग्राफीत प्लीहा १३.४ सेंटिमीटर निघाली. हिपॅटायटिस बी आणि सी नकारात्मक होते. आयएनआर १.१. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्यामुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा शोधायला दुर्बीण घालावी लागली आणि त्या निघाल्या, लहान होत्या, पण होत्या. त्या फुटल्या असत्या तर पहिले लक्षण रक्ताची उलटी असते, आणि तोपर्यंत त्यांचा रिपोर्ट आणखी "सुधारलेला" दिसला असता.

आता त्यांना शिरांतला दाब कमी करणारी गोळी सुरू आहे, कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा सुरू झाली आहे, आणि यकृतात गाठ होत नाही ना हे पाहायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. वजन सहा किलो उतरले आहे. चट्टे पूर्ण जातील असे मी त्यांना सांगितलेले नाही, कारण तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. वजन शंभराला दहाच्या हिशेबाने उतरले तर चट्टे मागे हटतानाही दिसतात, एवढे मात्र सांगितले आहे.

भाचा सांगितल्याप्रमाणे दोन आठवड्यांनी आला. एसजीओटी २७, एसजीपीटी २४, सीपीके १५०, बिलिरुबिन १.८, त्यातले डायरेक्ट ०.३. मी त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर "गिल्बर्ट, उपाशी पोटी डोळे पिवळे दिसू शकतात" असे लाल शाईने लिहिले, म्हणजे उद्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी कुणी तो आकडा पाहून ऑपरेशन थांबवू नये. औषध लिहिले नाही. ताईने फोनवर तीनदा विचारले की एखादी तरी गोळी असेल ना, आणि मी तीनदा नाही म्हणाले.

लॅबमध्ये त्यानंतर मी एक बदल केला. मधुमेही आणि पस्तिशीपुढच्या माणसांचे लिव्हरचे पान आणि सीबीसीचे पान आता एकाच पिनेने जोडायचे, असे टेक्निशियनला सांगितले आहे, आणि खालच्या मोकळ्या समासात मी पेन्सिलीने ते गणित करून ठेवते. पहिल्या आठवड्यात त्याने विचारले, "मॅडम, ज्याच्यापुढे चांदणीच नाही त्याचं कशाला करायचं?" मी त्याला भाऊजींची स्लाइड लावून दिली आणि प्लेटलेट मोजायला बसवले.